३४६ नोंदी, १९३ रुग्ण: छोट्या संस्थेचा वर्षाचा हिशेब एका कॅप्शनमध्ये

इंदुरात रंगपंचमीची गेर आटोपली, रंग धुऊन झाले, की आमच्या रुग्णसाहित्य केंद्रात वर्षअखेरीची लगबग सुरू होते. केंद्र म्हणजे एक खोली. तिच्यात वॉकर, व्हीलचेअर, कमोडची खुर्ची, एअर बेड, फाउलर बेड, दोन ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर. घरी रुग्ण असेल त्याने यावं, अनामत ठेवावी, वस्तू न्यावी, काम झालं की परत आणावी आणि अनामत घेऊन जावं. इंदूरला ऑपरेशनसाठी देवास, धार, खरगोनहूनही माणसं येतात आणि महिना-दीड महिना नातेवाइकांकडे राहतात, त्यामुळे आमची वही फक्त शहरातल्या मराठी घरांची नसते.

एप्रिलमध्ये आम्ही दात्यांसाठी इन्स्टाग्रामवर एक फोटो आणि त्याखाली वर्षाचा हिशेब टाकतो. दीड-दोनशे शब्दांचा मजकूर. हा मजकूर लिहायला पूर्वी मला अर्धा तास पुरायचा. आता तीन संध्याकाळी लागतात. कारण मागच्या वर्षी मी लिहिलं होतं, ‘३२२ रुग्णांना साहित्य दिले.’ दुसऱ्या दिवशी एका जुन्या देणगीदार काकांचा फोन आला. ते म्हणाले, “अगं, माझ्याच आईच्या नावाने तुमच्याकडे चार नोंदी असतील. आधी व्हीलचेअर, मग वॉकर, वॉकरची मुदतवाढ, मग कमोडची खुर्ची. त्या चार आजी झाल्या का?”

त्या दिवशी वही पुन्हा मोजायला घेतली, आणि तेव्हा जी पद्धत बसली ती इथे सांगते. आकडे उदाहरणापुरते मी बदलून घेतले आहेत, पण बेरजा जुळतात आणि अडचणी जशाच्या तशा आहेत.

आधी वर्ष बंद करा

हिशेबाचं वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च. ३१ मार्चच्या शेवटच्या नोंदीखाली लाल रेघ मारायची आणि दोघांनी सह्या करायच्या. एवढ्याने एक मोठा घोळ टळतो: १ किंवा २ तारखेला आलेली मोठी देणगी ‘याच वर्षात धरू या’ असा मोह होत नाही. देणगी ज्या दिवशी आपल्या खात्यात जमा झाली त्या दिवसाची, असा आमचा नियम आहे. नियम कोणताही असो, तो दरवर्षी तोच हवा आणि तुमच्या सीएंनाही तो ठाऊक हवा, म्हणजे कॅप्शनमधली रक्कम आणि त्यांच्या पत्रकातली रक्कम वेगळी निघत नाही.

त्याच रेघेने दुसरा एक प्रश्नही सुटतो. ज्यांनी फेब्रुवारी-मार्चमध्ये वस्तू नेली आणि जूनमध्ये परत केली, त्यांना कोणत्या वर्षात मोजायचं? आम्ही वस्तू दिल्याची तारीख धरतो. त्यामुळे आधीच्या वर्षापासून जे वापरत होते ते यंदाच्या आकड्यात येत नाहीत. आकडा थोडा लहान दिसतो, पण एकच माणूस दोन वर्षांत दोनदा मोजला जात नाही.

वहीतल्या ओळी म्हणजे माणसं नव्हेत

यंदा वहीत ३४६ ओळी होत्या. सगळ्या एका शीटमध्ये उतरवल्या: तारीख, वस्तू, रुग्णाचं नाव, वय, फोन, आणि ओळ कशाची आहे ते. या शेवटच्या रकान्यात तीनच शब्द चालतात: नवीन, मुदतवाढ, रद्द.

मुदतवाढीच्या ७१ ओळी निघाल्या. दोन महिन्यांसाठी नेलेला वॉकर आणखी महिनाभर हवा, म्हणून केलेली ती नोंद. वस्तू तीच, रुग्ण तोच. त्या वजा केल्या, राहिल्या २७५. मग रद्द झालेल्या ९. यात बहुतेक फाउलर बेडच्या. जुन्या वाड्यांचे जिने इतके अरुंद असतात की बेड दारातूनच परत येतो. वस्तू बाहेर गेली आणि त्याच दिवशी परत आली, म्हणजे ती कोणी वापरलीच नाही. त्या ९ही गेल्या. उरल्या २६६. म्हणजे आम्ही २६६ वेळा साहित्य दिलं. हा पहिला खरा आकडा, आणि त्याच्या शेजारी ‘वेळा’ हा शब्द हवाच.

आता माणसं. इथे घाई केली की चुकतं. मी आधी फोन नंबरवरून वेगळी माणसं मोजली, तर आई आणि बाबा दोघांसाठी एकाच मुलाचा नंबर होता, त्यामुळे दोघांचा एक रुग्ण झाला. मग नावावरून मोजली, तर तीच बाई एका ओळीत कुलकर्णी, दुसऱ्या ओळीत कुळकर्णी, आणि तिसऱ्या ओळीत नोंद हिंदीतून करणाऱ्या कार्यकर्त्याने लिहिलेली तिसरीच. एका बाईच्या तीन बायका झाल्या. शेवटी दोघींनी बसून नाव, वय आणि फोन एकत्र पाहत प्रत्येक माणसाला हाताने एक रुग्णक्रमांक दिला. २६६ ओळींना साधारण दोन तास लागले. त्यानंतरची मोजणी शीटच करते. रुग्णक्रमांक F रकान्यात असेल तर गुगल शीटमध्ये एवढं पुरतं:

```
=COUNTA(UNIQUE(F2:F267))
```

उत्तर आलं १९३. मध्ये एखादा रकाना रिकामा राहिला असेल तर त्याची ओळ मोजणीतून गळते, म्हणून आधी रिकामी जागा नाही ना ते बघून घ्या. आणि यंत्राच्या उत्तरावर थांबू नका. वही उघडून कुठलीही दहा नावं काढा आणि शीटमध्ये प्रत्येकाला एकच रुग्णक्रमांक आहे का ते तपासा. दहांत एकाला जरी दोन क्रमांक निघाले तर पुन्हा सगळं बघावं लागतं, कारण अशी चूक सहसा एकटी नसते.

यंदापासून आम्ही रुग्णक्रमांक पहिल्या भेटीतच देतो आणि अनामतीच्या पावतीवर लिहितो. तोच रुग्ण पुन्हा आला की जुनी पावती मागायची. एप्रिलमधले दोन तास त्याने वाचतील.

‘लाभार्थी’ हा शब्द मी आता वापरत नाही. त्यात रुग्ण आला, त्याचं कुटुंब आलं, शेजारीही आले, आणि मग कोणी १९३ला चारने गुणून ‘७७२ लाभार्थी’ लिहितो. रुग्ण म्हणा, घर म्हणा, विद्यार्थी म्हणा. जे मोजलं त्याचंच नाव घ्या.

‘शिल्लक नाही’ची वही

आमच्या टेबलावर एक पातळ वही आणखी असते. फोन आला आणि वस्तू नव्हती, तर तारीख आणि वस्तू एवढंच तिच्यात लिहितो, नाव नाही. वर्षभरात ३८ ओळी झाल्या, त्यातल्या २९ फाउलर बेडच्या. आमच्याकडे बेड सात आहेत आणि एकदा गेलेला बेड लवकर परत येत नाही, कारण तो नेणारा रुग्ण सहसा अंथरुणाला खिळलेला असतो.

हा आकडा कॅप्शनमध्ये घालायला आमच्या समितीतल्या दोघांचा विरोध होता. संस्था कमी पडते असं दिसेल, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटत नाही. दात्याला आपले पैसे पुढे कुठे लागतील हे समजावं, यासाठी आमच्या सगळ्या आकड्यांत हाच एक उपयोगी पडतो. तो पहिल्याच ओळीत घातला. तुमच्याकडे अशी वही नसेल तर आठवणीने आकडा लिहू नका. यंदा तो सोडून द्या आणि आजपासून वही सुरू करा.

पासबुकातली बेरीज म्हणजे देणगी नव्हे

पैशांच्या बाबतीत लहान संस्थांची चूक बहुतेक वेळा लबाडीची नसते. पासबुकाच्या जमेच्या बाजूची बेरीज कोणी तरी सरळ उचललेली असते. आमची ती बेरीज होती ६,४२,३५० रुपये. ‘आपण साडेसहा लाख मिळवले’ असं कोणी म्हणालं तर ऐकायला बरं वाटतं. पण ती फोडली तर असं दिसतं:

- देणग्या: २,८६,५०० रुपये
- रुग्णांची अनामत: २,९४,००० रुपये
- मुदत ठेव मोडून आलेली रक्कम: ५०,००० रुपये
- बँकेचं व्याज: ११,८५० रुपये

अनामत आपली नाही. ती परत द्यायची आहे, म्हणजे ते आपल्यावरचं देणं आहे, आणि ताळेबंदात ती देण्यांच्याच बाजूला बसते. मुदत ठेव आपलेच जुने पैसे, या खिशातून त्या खिशात आलेले. व्याज हे उत्पन्न आहे, पण ती कोणाची देणगी नाही. म्हणजे दात्यांनी दिले २,८६,५०० आणि वर्षाचं उत्पन्न २,९८,३५०. कॅप्शनमध्ये जायचे ते हेच दोन आकडे.

पुष्कळ घरं वस्तू परत करताना म्हणतात, “अनामत राहू द्या तुमच्याकडेच.” आम्ही ती ठेवून घेत नाही. अनामत त्यांच्या खात्यात परत पाठवतो, आणि त्यांची इच्छा असेल तर त्यांनी देणगी वेगळी पाठवायची. काम एकाचं दोन होतं, पण अनामतीची वही आणि देणगीची वही एकमेकींत मिसळत नाहीत. याच कारणाने ३१ मार्चची बँकेतली शिल्लकही कॅप्शनमध्ये घालू नये. त्या दिवशी ४५ वस्तू लोकांच्या घरी होत्या, आणि त्या वस्तूंची अनामत त्या शिलकीत बसलेली होती.

वस्तूरूपाने आलेल्या देणगीची किंमत करू नका. आम्हाला वर्षात १४ वस्तू मिळाल्या, बहुतेक वापरलेल्या. दहा वर्षं चाललेल्या व्हीलचेअरला नवीचा भाव लावला की देणगीचा आकडा फुगतो, आणि जुनीचा भाव कोणालाच ठरवता येत नाही. ‘१४ वस्तू’ हेच पुरे.

आता खर्च. साहित्याची दुरुस्ती ६१,२००, सहा नव्या वस्तू ७८,४००, टेम्पो २३,७००, खोलीचं भाडं आणि वीज ६६,०००, अर्धवेळ मदतनिसाचा पगार ४८,०००, लेखापरीक्षण, छपाई आणि बँकेचे आकार १४,३००. एकूण २,९१,६००. इथे एक बारीक गोष्ट ध्यानात ठेवा. सीएंच्या उत्पन्न-खर्च पत्रकात हे ७८,४०० दिसणार नाहीत, कारण नव्या वस्तू मालमत्तेत जातात आणि खर्चात फक्त घसारा येतो. कॅप्शनमध्ये आपण सांगतो ते पैसे प्रत्यक्ष कुठे गेले ते, म्हणजे जमा-खर्चाच्या पत्रकावरून. कोणी दोन्ही पत्रकं शेजारी ठेवून विचारलं तर हे उत्तर तयार असावं.

‘तुमचा प्रत्येक रुपया थेट रुग्णापर्यंत’ असं वाक्य मीही लिहिलेलं आहे. ते खोटं होतं. खोलीला भाडं आहे, आणि मदतनीस दार उघडतो म्हणून वॉकर मिळतो. शंभर रुपयांत सांगितलं की सगळ्यांना कळतं. खर्चाच्या दर १०० रुपयांतले ५६ साहित्य, दुरुस्ती आणि टेम्पोवर गेले, ३९ खोली आणि पगारावर, ५ बाकीच्यावर. आधी पूर्ण रुपयांत मांडा, तिन्हींची बेरीज १०० येते का ते पाहा. येत नसेल तर एक आकडा दशांशात द्या, पण ओढूनताणून जुळवू नका.

जे आपल्याला ठाऊक नाही

‘१९३ जणांना पुन्हा पायावर उभं केलं.’ हे वाक्य सुचतं, फोटोखाली शोभतंही. पण परत आलेला वॉकर काही सांगत नाही. रुग्ण बरा झाला म्हणून तो येतो, आणि रुग्ण गेला म्हणूनही येतो. तेराव्यानंतर मुलगा वस्तू पुसून, घडी घालून आणून ठेवतो आणि काही न बोलता पावतीवर सही करतो. असं वर्षातून कितीतरी वेळा होतं. त्या घरातल्या कोणी आमची पोस्ट वाचली तर त्यांना ‘पायावर उभं केलं’मध्ये स्वतःची आई कुठे दिसेल?

म्हणून आम्ही जे केलं तेवढंच लिहितो: साहित्य दिलं. बरं वाटलं का, किती चालले, हे आम्ही मोजलेलं नाही. ‘भाड्याने घेतलं असतं तर इतके लाख लागले असते’ हा हिशेबही मी टाळते, कारण दुकानागणिक भाडं वेगळं आणि निम्म्या घरांनी भाड्याने वस्तू घेतलीच नसती.

आता लिहायला बसा

इन्स्टाग्रामचं कॅप्शन २,२०० अक्षरचिन्हांपर्यंत जातं, पण ‘आणखी’ न दाबता साधारण पहिली १२५च दिसतात. देवनागरीत काना, मात्रा, हलन्त, अनुस्वार ही चिन्हं वेगळी मोजली जातात. ‘रुग्णांना’ डोळ्यांना तीन अक्षरांचा दिसतो, मोजणीत तो नऊ चिन्हं खातो. म्हणून संस्थेचं नाव, नमस्कार, ‘कळविण्यास आनंद होतो की’ हे सगळं पहिल्या ओळीतून काढा. संस्थेचं नाव वर खात्यावर असतंच. पहिल्या ओळीत मुख्य आकडा आणि त्याचं नाम बसलं पाहिजे, कारण बरेच जण तेवढंच वाचून पुढे जातील.

त्यानंतर कोणत्या काळाचा हिशेब आहे ते, मग काम, मग पैसे, मग जे बिघडलं ते, शेवटी आभार. हा क्रम मी खूप उलटसुलट करून पाहिला. आभार वर घेतले की खालचे आकडे कोणी वाचत नाही, आणि पैसे सगळ्यांत वर घेतले की पावती वाचल्यासारखं वाटतं.

आमचं यंदाचं कॅप्शन असं झालं:

> १९३ रुग्णांना घरी वापरायला २६६ वेळा साहित्य देता आलं. ३८ वेळा मात्र ‘शिल्लक नाही’ म्हणावं लागलं.
>
> १ एप्रिल २०२४ ते ३१ मार्च २०२५ या वर्षाचा हा आमचा हिशेब.
>
> सर्वांत जास्त वेळा गेले वॉकर (९८) आणि व्हीलचेअर (६१). ‘शिल्लक नाही’ म्हटलेल्या ३८ फोनांपैकी २९ फाउलर बेडसाठी होते. आमच्याकडे बेड सात आहेत.
>
> ९४ दात्यांनी २,८६,५०० रुपये दिले. बँकेचं व्याज ११,८५० रुपये आलं. खर्च झाला २,९१,६०० रुपये. खर्चाच्या दर १०० रुपयांतले ५६ साहित्य, दुरुस्ती आणि टेम्पोवर गेले, ३९ खोली आणि मदतनिसाच्या पगारावर, ५ लेखापरीक्षण, छपाई आणि बँकेवर. रुग्णांना परत द्यायची अनामत यात धरलेली नाही. लेखापरीक्षण व्हायचं आहे. त्यात आकडा बदलला तर इथेच कळवू.
>
> ५ वस्तू परत आल्या नाहीत. ६ वस्तू दुरुस्त होण्याच्या पलीकडे गेल्या.
>
> मागच्या वर्षी आम्ही ‘३२२ रुग्ण’ असं लिहिलं होतं. त्या वहीतल्या नोंदी होत्या. रुग्ण १८१ होते. चूक आमची.
>
> पैसे देणारे ९४ जण, १४ वस्तू देणारी घरं, बेड तिसऱ्या मजल्यावर चढवणारी मुलं आणि वॉकरच्या पायांची रबरं वर्षभर फुकट बदलून देणारे कारागीर, तुमचे मनापासून आभार. नावांची यादी पुढच्या फोटोत आहे.

मागच्या वर्षीची दुरुस्ती इथे पुन्हा का, असं विचाराल. काकांच्या फोननंतर मोजणी पुरी होताच जुन्या पोस्टचा मजकूर आम्ही बदलला होता. पण ३२२ वाचून पुढे गेलेली माणसं त्या पोस्टवर परत येत नाहीत. शिवाय यंदाचा १९३ त्यांनी मनातल्या ३२२शी ताडून पाहिला तर काम निम्म्यावर आलं असं वाटेल, आणि खरं तर ते १८१वरून १९३वर गेलं आहे. जुनं वर्षही नव्याच पद्धतीने मोजल्याशिवाय तुलनेचं वाक्य लिहू नये. ते वर्ष पुन्हा मोजणं शक्य नसेल तर तुलना गाळा आणि ‘मोजण्याची पद्धत यंदापासून बदलली आहे’ एवढं सांगा.

वस्तूंचीही मोजणी पडताळून घ्यावी. वर्षाच्या सुरुवातीला ११८ होत्या, १४ मिळाल्या, ६ घेतल्या, ११ गेल्या, म्हणजे १२७ हव्यात. मग खोलीतल्या, दुरुस्तीला गेलेल्या आणि लोकांकडच्या वस्तू खरोखर मोजायच्या. पहिल्या मोजणीत आमच्या १२६च भरल्या. एक एअर बेडचा पंप कपाटावर ठेवलेला सापडला.

आभारातली नावं

दात्यांची यादी हा सगळ्यांत नाजूक भाग. आकडा चुकला तर लोक फोन करतात, नाव चुकलं तर बोलायचे थांबतात.

नाव छापू का, हे देणगीच्या पावतीच्या वेळीच विचारायचं. एप्रिलमध्ये ९४ जणांना फोन करणं होत नाही. ज्यांनी नको म्हटलं ते ‘हितचिंतक’, आणि असे किती ते लिहायचं, म्हणजे नावांची आणि हितचिंतकांची बेरीज ९४ येते. गुप्तदान करणाऱ्याचं नाव चुकून छापलं गेलं तर माफी मागूनही ते परत घेता येत नाही.

रकमा यादीत देऊ नका. पाचशे रुपये पेन्शनमधून देणाऱ्या आजी आणि पंचवीस हजार देणारा कारखानदार एकाच आकाराच्या अक्षरांत, वर्णमालेप्रमाणे आडनावाने. उपाध्या आम्ही सरसकट गाळल्या आहेत. सौ. लिहावं की श्रीमती हा प्रश्न आमच्याकडच्या जुन्या घरांत साधा नाही. नवरा हयात असलेल्या बाईंना श्रीमती छापलं म्हणून एका घरातून रागाचा निरोप आला होता, आणि तो राग मला समजतो. स्मरणार्थ दिलेल्या देणगीत मात्र ‘कै.’ ठेवतो, कारण ते नाव घरच्यांनी त्याच रूपात दिलेलं असतं. तो मजकूर पावतीवर असेल तसा उतरवायचा, आपल्या मनाने सुधारायचा नाही.

यादी तयार झाली की एकीने पावतीपुस्तकातून नावं मोठ्याने वाचायची आणि दुसरीने यादीत खूण करायची. नुसतं स्क्रीनवर वाचून गाळलेलं नाव लक्षात येत नाही. यंदा अशी दोन नावं सापडली.

फोटो

रुग्णाचा फोटो आम्ही लावत नाही. संमती घेतली तरी व्हीलचेअर हवी असलेला माणूस देणाऱ्याला नाही म्हणायला कचरतो, त्यामुळे त्या संमतीवर माझा भरवसा बसत नाही. नाव न घेता सांगितलेली गोष्टही लपत नाही. ‘रामबागेतल्या एक आजी, मुलगा पुण्याला, खुब्याचं हाड मोडलं’ एवढं लिहिलं तर आपल्या मराठी वस्तीत संध्याकाळपर्यंत चार घरं त्या आजींना ओळखतात. फोटो वस्तूंचा घ्या. आमच्या यंदाच्या फोटोत भिंतीला टेकलेले, धुऊन वाळत ठेवलेले वॉकर आहेत. मागे कोणाच्या अनामतीची पावती किंवा उघडी वही तर आली नाही ना, ते फोटो मोठा करून बघा.

क्यूआर कोड आणि करसवलत

कॅप्शनखाली देणगीचा क्यूआर कोड टाकायची इच्छा होते. ही पोस्ट परदेशातली आपली मुलंही वाचतात. भारतीय पासपोर्टवर तिकडे राहणाऱ्याने स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत दिलेले पैसे परदेशी देणगी ठरत नाहीत. पण तिकडचं नागरिकत्व घेतलेला, ओसीआय कार्डधारक माणूस कायद्याने परदेशी स्रोत धरला जातो, मग तो इंदुरात वाढलेला आणि आपला सख्खा भाचा का असेना. परदेशी देणगी नियमन कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसेल तर त्याचे पैसे घेता येत नाहीत. आमची नोंदणी नाही, म्हणून कोड न टाकता फोन करायला सांगतो आणि फोनवर पासपोर्टचं विचारतो.

करसवलतीचा उल्लेख ८०-जीची मान्यता चालू असेल तरच करा, आणि तिची मुदत कागद काढून बघा. २०२४-२५च्या देणग्यांसाठी दोन हजारांवरच्या रोख देणगीला ही वजावट नाही, आणि नवी करप्रणाली निवडलेल्या व्यक्तीलाही ती मिळत नाही. म्हणून ‘सर्व देणग्या करमुक्त’ असं लिहू नये. ‘८०-जीची पावती मिळेल’ एवढं लिहा. २०२४-२५च्या दात्यांचं विवरण फॉर्म 10BD मध्ये ३१ मे २०२५पर्यंत भरायचं होतं आणि त्यानंतर फॉर्म 10BE चं प्रमाणपत्र दात्याला द्यायचं होतं. यादीसाठी नावं तपासतानाच पॅन नसलेल्या दात्यांना फोन करून घेतले तर दोन्ही कामं एकत्र उरकतात.

टाकण्याआधी आणि टाकल्यावर

मजकूर छापून घ्या आणि प्रत्येक आकड्याशेजारी पेन्सिलीने लिहा की तो कुठून आला: वही क्रमांक दोन, पान ४१ किंवा शीटचा अमुक रकाना. ज्या आकड्याशेजारी काही लिहिता येत नाही तो काढून टाका. मी यंदा असा एक काढला, ‘सरासरी ४० दिवस वापर’. कोणी तरी बैठकीत बोललं होतं आणि ते माझ्या डोक्यात बसलं होतं. वहीत त्याला आधार नव्हता.

आम्ही हिंदीतही तीच पोस्ट टाकतो, कारण निम्मे दाते हिंदीभाषक आहेत. हिंदी मजकूर वेगळा लिहिला तरी आकडे मराठीतूनच उतरवायचे आणि शेजारी ठेवून ताडायचे. गेल्या वर्षी हिंदीत टेम्पोचा खर्च वेगळा पडला होता, कारण लिहिणाऱ्याने जुना कच्चा कागद वापरला.

पोस्टचा हा पेन्सिलीच्या खुणांचा कागद वर्षाच्या फाइलला लावून ठेवतो. यंदा पोस्ट टाकल्यावर तिसऱ्या दिवशी काकांचा पुन्हा फोन आला. “१९३मध्ये माझी आई किती वेळा?” मी फाइल उघडली, रुग्णक्रमांक पाहिला आणि सांगितलं, “एकदा.” ते म्हणाले, “बरं. बेडचं काय करायचं ते सांग, आठवा मी देतो.” तो बेड पुढच्या वर्षाच्या वहीत, १२ एप्रिलच्या तारखेला लिहिला आहे.